स्लीपर, सिंगल, लोअर

सोलापूरहून रात्रीचं मुंबईला जायचं म्हटलं की पहिला मान सिद्धेश्वर एक्स्प्रेसचा. गाडी रात्री निघते, सकाळी मुंबईत पोचवते आणि नाव ग्रामदैवताचं असल्यामुळे तिकीट मिळालं तर तीही देवाचीच कृपा मानायची. वेटिंग अठरावर असताना सोलापूरकर निश्चिंत असतो. "होतंय की बे कन्फर्म," असा दिलासा त्याला देणारे मित्र त्याच गाडीच्या त्याच वेटिंगमध्ये सतरा आणि सोळा नंबरवर असतात. मग चार्ट लागतो, अठराचं दोन होतं आणि तिथंच थांबतं. ट्रॅव्हल्सची आठवण सोलापूरकराला होते ती या क्षणी, म्हणजे संध्याकाळी, घाईत आणि थोडं चिडलेल्या मनानं. चारशे किलोमीटर लांबच्या, रात्रभराच्या प्रवासाची गाडी निवडायची ही सर्वात वाईट वेळ. आणि बहुतेक गाड्या याच वेळी निवडल्या जातात.

जुळे सोलापुरातलं कुठलंही घर डोळ्यांसमोर आणा. प्रवासाचा दिवस नळाला पाणी येण्याचा दिवस टाळून आधीच ठरलेला आहे, प्रश्न फक्त गाडीचा. घरातला प्रत्येक जण ॲपमध्ये वेगळंच काही शोधतो. वडील भाडं बघतात आणि आकड्यांची उतरंड खालून वर वाचतात. मुलगा चार्जिंग पॉईंट आहे का बघतो. वहिनींना शेजारच्या बर्थवर गुलाबी खूण, म्हणजे बाईमाणूस हवं असतं. आजी कोपऱ्यातून एकच विचारते, "मध्ये कुठं नीट थांबती का रे गाडी? बाथरूम असलेल्या ठिकाणी?" या सगळ्यांत आजीचा प्रश्न सर्वांत शहाणा असतो आणि ॲपमध्ये नेमकी त्याच्यासाठीच खूण नसते. पाण्याच्या बाटलीची असते, वायफायची असते, उशीची सुद्धा असते.

आधी ऑपरेटरच्या नावलौकिकाकडे येऊ. तो हल्ली चांदण्यांत मोजतात. चार पूर्णांक दोन, चार पूर्णांक चार. या चांदण्या देणारा प्रवासी सकाळी सहाला उतरून, अर्धवट झोपेत, मोबाईलवर आलेल्या निरोपाला उत्तर म्हणून अंगठा दाबतो. वेळेत पोचला तर पाच, ब्लँकेटला वास आला तर एक. म्हणून अनुभवी मंडळी चांदण्यांकडे बघतच नाहीत, फक्त तक्रारी वाचतात. त्याही अलीकडच्या आणि आपल्याच मार्गावरच्या. एकाच ऑपरेटरची नागपूरकडची गाडी नवी कोरी आणि सोलापूरची पेन्शनीला आलेली, असं सर्रास असतं.

तक्रारीही चाळून घ्याव्या लागतात. एसीचं पाणी अंगावर पडलं, पडदा तुटका होता, चादर मळकी होती, ही दुखणी खरी असली तरी त्यानं कुणी मरत नाही (चादरीचं तर सोलापूरकरानं कुणाकडे तोंड उघडूच नये, घरची घेऊन जावी). थांबून वाचायच्या त्या तीन तक्रारी. एक, "ड्रायव्हर रात्रभर फोनवर बोलत होता." दुसरी, "दाखवली एक गाडी आणि पाठवली दुसरीच." तिसरी, "गाडी आली नाही आणि ऑफिसनं फोन उचलला नाही." यातली एखादी महिन्या-दोन महिन्यांत दोनदा दिसली, तर पुढचं नाव बघावं, भाडं शंभर रुपयांनी जास्त असलं तरी.

त्यातली दुसरी तक्रार धंद्याच्या पोटातली गोष्ट सांगते. गाडीवर ज्याचं नाव रंगवलंय त्याचीच ती गाडी असेल असं नाही. अनेक गाड्या 'अटॅच' असतात, म्हणजे मालक एक, नाव दुसऱ्याचं आणि बुकिंग तिसऱ्याचं. सणासुदीला चौथा येतो. त्याच्या गाडीवर लग्नाच्या वऱ्हाडाचा कागद अजून चिकटलेला असतो. अशा वेळी चांगल्या ऑपरेटरचा लौकिक आपण विकत घेतलेला असतो आणि झोपायचं असतं कुणा भलत्याच्याच गाडीत.

यावर एक उपाय आहे आणि तो फुकट आहे. सुटण्याच्या काही तास आधी मोबाईलवर गाडीचा नंबर येतो. लोक तो फक्त गाडी ओळखायला वापरतात. तोच नंबर सरकारच्या एम-परिवहन ॲपमध्ये घातला की गाडीची कुंडली उघडते : नोंदणी कधीची, फिटनेस कुठवर, विमा चालू की संपलेला. व्यापारी गाडीला पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी फिटनेस करून घ्यावं लागतं. तारीख उलटून गेलेली दिसली तर काय समजायचं ते समजा. त्यात आणखी एक बारीकसा रकाना असतो, तो बघणारा माणूस मात्र विरळा. बसण्याची क्षमता किती आणि झोपण्याची किती, हे तिथं वेगवेगळं लिहिलेलं असतं. आत तीसछत्तीस बर्थ आणि कागदावर झोपण्याची क्षमता शून्य, असं निघालं तर बसायची गाडी कुणीतरी नंतर कापूनजोडून झोपायची केलीय, असा संशय घ्यायला हरकत नाही. ऑक्टोबर 2025 मध्ये आंध्रातल्या कर्नूलजवळ हैदराबाद-बंगळूर स्लीपर जळाली, तेव्हा ती मूळची बसायची गाडी होती अशाच बातम्या आल्या.

नंबरप्लेटची गंमत निराळी. सोलापूरचा नंबर एमएच-13. पण पुणे नाक्यावर रात्री दहाला उभं राहिलं तर नागालँड, अरुणाचल, दमण अशी अर्ध्या भारताची ओळख होते. एनएल-01 लिहिलेल्या गाडीच्या ड्रायव्हरला कोहिमा कुठल्या दिशेला म्हणून विचारलं, तर तो मोहोळकडे बोट दाखवील. हा कराचा हिशेब आहे. जिथं कर कमी तिथं नोंदणी करायची आणि देशभराचा टुरिस्ट परवाना घ्यायचा. नुसत्या त्या पाटीवरून गाडी वाईट ठरत नाही. मात्र जी गाडी ज्या आरटीओच्या नावावर आहे त्या गावी ती फारशी जात नाही, एवढं डोक्यात ठेवून फिटनेसची तारीख दोनदा वाचावी.

आता सीट. इथं शब्दच प्रवाशाला फसवतात. 'सेमी स्लीपर' म्हणजे अर्धं झोपणं नव्हे, ती मागे कलणारी खुर्ची आहे. वडिलांना भाड्याच्या उतरंडीत हीच सगळ्यात खाली सापडते आणि ते "स्लीपरच आहे" म्हणून खुशीत बुक करतात. 'सीटर कम स्लीपर' म्हणजे खाली खुर्च्या आणि वर बर्थ. तिथं वरच्याचे पाय खालच्याच्या डोक्यावरून चढतात. 'टू प्लस वन' स्लीपर म्हणजे मधल्या वाटेच्या एका अंगाला दोघांचा बर्थ आणि दुसऱ्या अंगाला एकट्याचा. दोघांच्या बर्थचं अर्धं तिकीट एकट्यानं घेतलं, तर दुसऱ्या अर्ध्यावर कोण येईल हे नशीब ठरवतं. नशिबात बहुधा अक्कलकोटचे एक सद्गृहस्थ येतात. ते पडताक्षणी घोरू लागतात आणि पहाटे आपल्याच उशीवर सापडतात. म्हणून एकट्यानं जाणाऱ्याचा नवस सिंगल लोअरचाच, आणि गाडी सुटायच्या कितीतरी आधी तेच बर्थ संपतात.

सिंगल लोअर संपले की वर की खाली, पुढे की मागे, याचा खल सुरू होतो. त्यात थोडं पदार्थविज्ञान आहे. मागची चाकं जिथं आहेत त्याच्या मागचा भाग गाडीच्या बाहेर लोंबल्यासारखा असतो. गतिरोधकावर पुढची मंडळी हलतात आणि शेवटच्या रांगेतली उडतात. वर झोपणाऱ्याला वळणावर हेलकावा जास्त लागतो, कारण उंची वाढली की झोकाही वाढतो. अगदी पुढे हॉर्न, समोरून येणाऱ्या गाड्यांचे दिवे आणि ड्रायव्हरच्या केबिनमधली गाणी. राहिला मधला भाग, दोन्ही चाकांच्या मधोमध, खालचा. तिथं पाय गाडीच्या तोंडाकडे करून झोपलेलं बरं : जोराचा ब्रेक लागला तर घसरून आपटतात ते पाय, डोकं नव्हे. काही गाड्यांत उशीचा उंचवटा उलट्या बाजूला असतो. तिथं घरची चादर गुंडाळून नवी उशी करणाराच खरा प्रवासी.

सोलापूरची खरी परीक्षा मात्र बोर्डिंग पॉईंटची, कारण इथून दोन प्रकारच्या गाड्या मिळतात. एक, इथंच जन्मलेली. ती सात रस्ता, भैय्या चौक करत करत शहरभर फिरते, प्रत्येक चौकात "मुंबई, मुंबई" करते आणि तासाभरानं सोलापूर सोडते. दुसरी, हैदराबादहून संध्याकाळी निघून तीनशे किलोमीटर तोडून इथं मध्यरात्रीच्या आसपास पोचणारी. ती शहरात शिरायला राजी नसते. तिची सोलापूरशी ओळख हमरस्त्यापुरतीच, थांबेल तर दोन मिनिटं. ॲपमध्ये दोन्ही शेजारीशेजारी दिसतात आणि दोन्हींच्या पुढे 'सोलापूर' एवढंच लिहिलेलं असतं.

पहिल्या जातीच्या गाडीत लोक हुशारी करतात. पहिल्या चौकात बसून तासभर शहर कशाला फिरा, शेवटच्या थांब्यावर चढू. हिशेब बरोबर असतो, गाडी वेळेवर असेल तर. ती उशिरा आली तर चौकात चहाची गाडी, चार प्रवासी आणि बुकिंगवाल्याचं टेबल असतं, नाक्यापुढे मात्र ट्रकच्या दिव्यांखेरीज सोबतीला कुणी नसतं. एकटी बाई असेल तर जिथं ऑपरेटरचं ऑफिस उघडं असतं तोच पॉईंट घ्यावा, शहरदर्शन पदरी पडलं तरी पडू द्यावं.

दुसऱ्या जातीच्या गाडीत तर तारखेचंच झेंगट असतं. समजा काकांना शनिवारी सकाळी मुंबईत लग्नाला पोचायचंय. गाडी हैदराबादहून शुक्रवारी संध्याकाळी निघते आणि सोलापूरला रात्री पाऊण वाजता, म्हणजे कॅलेंडरप्रमाणे शनिवारी येते. काकांना पाऊण ही वेळ शुक्रवारची रात्र वाटते. एखाद्या ठिकाणी गाडी सुटण्याची तारीख छापतात, दुसऱ्या ठिकाणी चढण्याची. काका 'शुक्रवार, 12:45' असं बघून खुशीत तिकीट काढतात आणि शुक्रवारी रात्री जेवून, पान खाऊन, बॅग घेऊन नाक्यावर उभे राहतात. गाडी येते, क्लीनर यादी बघतो आणि म्हणतो, "मामा, तुमची गाडी काल गेली." बारानंतरच्या गाडीचं तिकीट काढताना म्हणूनच ऑफिसला फोन करून सरळ विचारावं, "गुरुवारी जेवून निघायचं की शुक्रवारी जेवून?" जेवणावरून विचारलं की सोलापुरात गोंधळ होत नाही.

त्याच फोनवर उतरायचं ठिकाणही नक्की करून घ्यावं. मुंबईला ठीक असतं, वाशी, चेंबूरचं मैत्री पार्क, सायन, दादर असे थांबे क्रमानं येतात. पुण्याला जाणाऱ्यांचं तसं नसतं. सोलापूर-पुणे अडीचशे किलोमीटर, म्हणजे पाच तासांचं काम. अकराला निघालेली गाडी चारला हडपसरला सोडते. डोळा लागायला एक तास, जेवणाच्या थांब्याला अर्धा तास, उरलेल्या वेळात झोप. या मार्गावर स्लीपरचे पैसे का द्यायचे, हे कोडं आमच्याच्यानं सुटलेलं नाही.

जेवणाचा थांबा हे स्वतंत्र प्रकरण आहे. इंदापूर-भिगवणच्या आसपास मध्यरात्री सगळे दिवे लागतात, क्लीनर पत्रा बडवतो आणि "वीस मिनटं, वीस मिनटं!" असं ओरडत जातो. घरून शेंगाचटणी आणि कडक भाकरी खाऊन निघालेले लोक झोपमोड झाली म्हणून खाली उतरतात आणि उतरलोच आहोत म्हणून खातात. आजीचा प्रश्न लागू पडतो तो इथं. गाडी ठरलेल्या, उजेडाच्या ढाब्यावर थांबते की ड्रायव्हरला वाटेल तिथं, हे बुकिंगवाल्याला विचारून ठेवायला हवं.

वेळेचा हिशेब प्रवाशाला उलटा शिकवलेला आहे : लवकर पोचवते ती चांगली गाडी. बसला वेगमर्यादक बसवलेला असतो आणि तो ताशी ऐंशीला अडतो. चारशे किलोमीटर, शहरातून बाहेर पडणं, जेवण, पुण्याच्या बाजूची गर्दी, घाट आणि मुंबईचं तोंड धरलं तर आठ तास ही सरळ वेळ. कुणी "सव्वासहा तासात सोडतो" म्हणाला, तर मर्यादक तरी काढलेला आहे किंवा तो थापा तरी मारतोय. थापा असाव्यात अशी प्रार्थना करून दुसरी गाडी बघावी.

आणि गाडी चालवतंय कोण? मोटार कामगारांसाठी 1961 चा कायदा होता. त्यात दिवसाला आठ तास काम आणि सलग पाच तासांनंतर विश्रांती असं लिहिलं होतं. म्हणून रात्रभराच्या या मार्गावर दुसरा ड्रायव्हर असलेला बरा. "दुसरा ड्रायव्हर आहे का?" या प्रश्नाचं उत्तर फोनवर नेहमी "आहे की" असंच मिळतं. म्हणून विचारायचं असं : "दुसरा ड्रायव्हर कुठं बसतो हातात घ्यायला?" उत्तर "पुण्यात" असं पटकन आलं तर माणूस खरा. "क्लीनरच चालवतो की साहेब, शिकलाय चांगला," असं आलं तरी माणूस खराच, पण गाडी बदलावी.

रात्री दोन ते पाच ही वेळ अशी, की जागा माणूसही पेंगतो. यवतमाळहून मुंबईला चाललेली गाडी 8 ऑक्टोबर 2022 च्या पहाटे नाशिकला ट्रकवर आदळून पेटली, बारा माणसं गेली. 1 जुलै 2023 ला मध्यरात्रीनंतर नागपूर-पुणे गाडी समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ उलटून पेटली, पंचवीस गेले. या दुसऱ्या अपघातातली एक गोष्ट प्रत्येक स्लीपरवाल्यानं नीट ऐकावी अशी आहे. गाडी डाव्या कुशीवर पडली आणि दरवाजा डावीकडेच होता. म्हणजे बाहेर जायची वाटच जमिनीखाली गेली. जे वाचले ते काच फोडून निघाले.

म्हणून गाडीत चढल्यावर बर्थ शोधायच्या आधी दुसरी वाट शोधायची. उजव्या अंगाला किंवा मागे 'इमर्जन्सी' लिहिलेली खिडकी किंवा दार असतं, छतालाही झाकण असतं. बघायचं एवढंच, की त्या दारापुढं कुणाचा बर्थ आडवा तर टाकलेला नाही आणि छताचं झाकण ताडपत्रीनं बांधून वर चादरींचे गठ्ठे तर लादलेले नाहीत. काच फोडायची हातोडी खिडकीपाशी असायला हवी. ती काचेच्या मधोमध मारून उपयोग नाही, कोपऱ्यात मारायची. मधली काच लवते आणि धक्का पचवते. समोरची मोठी काच तर मुळात फुटून पडणारी नसतेच, तिच्या दोन थरांमध्ये पापुद्रा असतो, तडे जातात आणि ती जागेवर राहते.

चीननं 2012 मध्ये नव्या स्लीपर बसची नोंदणीच बंद करून टाकली. आपल्याकडे तशी बंदी नाही, पण निदान भाड्याचा नियम आहे : राज्य सरकारच्या 27 एप्रिल 2018 च्या निर्णयाप्रमाणे खासगी गाडीला एसटीच्या त्याच प्रकारच्या गाडीच्या दीडपटीहून जास्त भाडं घेता येत नाही. एसटीचं सहाशे असेल तर नऊशेच्या वर नाही, मग दिवाळी असो की गड्ड्याची जत्रा. पावती जपली तर आरटीओकडे तक्रार करता येते. दिवाळीत पंधराशे मोजलेला सोलापूरकर मात्र तक्रार करत नाही. सीट मिळाली याच आनंदात तो सगळ्या गल्लीला भाडं सांगत फिरतो.

तर एवढं सगळं वाचून-ऐकून तयार झालेल्या एका काकांनी सात रस्त्यावर गाडीत चढल्या चढल्या क्लीनरला गाठलं. गाडीचा नंबर तपासलेला होता, फिटनेस चालू होतं, बर्थ सिंगल, लोअर, मधला.

"काय रे, इथं खिडकीला हातोडी हवी होती. खोबण तेवढी दिसतीय."

"हातोडी आहे की मामा," क्लीनर म्हणाला. "लोक उचलून नेतेत, म्हणून केबिनमध्ये कुलपात ठेवलीय."

"आणि किल्ली?"

"किल्ली मालकाकडं. पुण्यात."

काका खाली उतरले, बुकिंगच्या टेबलापाशी गेले आणि तिकीट पुढे करून म्हणाले, "ते कुलूप काढा, नाहीतर पैसे काढा." कुलूप निघायला दहा मिनिटं लागली. किल्ली ड्रायव्हरच्या सीटखालीच होती.